दहा थेंब दूध आणि एक चमचा दूध

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. तिच्या पुस्तकात आहे की हवेतले कण निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून आकाश निळं दिसतं. ती विचारते, ढग आणि धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंबच ना, मग ते निळे का नाहीत? आणि दुधात पांढरा रंग असतो का? सासूबाई म्हणतात आकाश समुद्रामुळे निळं दिसतं. तिला नीट कसं समजावू? (दादर, मुंबई)

उत्तर :

मी २६ वर्षं दुधाच्या प्रयोगशाळेत काढली. सुरुवातीची काही वर्षं मुंबईतल्या तबेल्यांचं दूध तपासण्यात गेली, नंतरची पिशवीच्या दुधात. त्यामुळे ढगांबद्दल बोलतानाही मी दुधाच्याच वाटेनं जाणार आहे. तीच वाट सोपी आहे, कारण ढग घरात आणता येत नाही आणि दूध रोज सकाळी दारात येतं.

पुस्तकातलं वाक्य खरं आहे, पण त्यात अर्धीच गोष्ट आहे. ते फक्त कण केवढा आहे याबद्दल बोलतं. प्रकाश डोळ्यापर्यंत पोचण्याआधी किती वेळा विखुरला, हा दुसरा प्रश्न पुस्तक विचारतच नाही. ढगाचं उत्तर पहिल्या प्रश्नावर बऱ्यापैकी भागतं. दुधाचं भागत नाही. तिथे दोन्ही लागतात.

सासूबाईंचं आधी उरकून घेऊ. नागपूरला समुद्र नाही आणि आकाश निळंच आहे, एवढं पुरे. पण त्यांना फार हसू नका. उलट बाजूनं, म्हणजे समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं खुद्द लॉर्ड रॅले मानत होते आणि आकाशाच्या निळेपणाचं गणित १८७१ मध्ये मांडलं ते त्यांनीच. सी. व्ही. रामन १९२१ मध्ये ‘नारकुंडा’ बोटीनं युरोपातून परतत होते. पृष्ठभागावरून येणारं आकाशाचं प्रतिबिंब एका खास लोलकानं अडवून त्यांनी समुद्र पाहिला, तर तो तरीही निळाच. म्हणजे पाणी स्वतःसुद्धा प्रकाश विखुरतं. त्याबद्दलचं त्यांचं टिपण बोट आपल्या मुंबई बंदरात असतानाचं आहे.

आता कणाच्या आकाराकडे. मायक्रॉन आणि नॅनोमीटर ऐकले की मुलांचे डोळे मिटायला लागतात, म्हणून मी सगळं मोठं करून सांगतो. प्रकाश ही लाट आहे. हिरव्या प्रकाशाच्या एका लाटेची लांबी साधारण ५५० नॅनोमीटर. समजा, ही लाट ताणून आपण एक मीटर लांब केली आणि बाकी सगळं त्याच प्रमाणात वाढवलं. मग हवेचा रेणू होतो अर्ध्या मिलिमीटरचा, रव्याच्या कणाएवढा. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे बारीक गोळे असतात, ते होतात पाव मीटरचे, म्हणजे कळशीएवढे. तबेल्याच्या ताज्या दुधातला फॅटचा सर्वसाधारण गोलक सहा-सात मीटरचा. आणि ढगातला १५ मायक्रॉनचा थेंब? सत्तावीस मीटर. आठ-नऊ मजली इमारत.

एक मीटरची लाट रव्याच्या कणावर येते आणि तीच लाट आठ मजली इमारतीवर येते, या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडेल असं तुमच्या मुलीलाही वाटणार नाही.

मरीन ड्राइव्हला कठड्यापाशी हे जवळून बघता येतं. पाण्यात एखादी काठी रोवलेली असेल तर लांब संथ लाट तिच्या बाजूनं निघून जाते, जणू काठी तिथे नाहीच. वाऱ्यानं उठलेल्या बारीक लहरी मात्र काठीवर फुटतात आणि तिच्याभोवती गोल गोल पसरतात. लाटेपेक्षा खूप लहान अडथळा असला की तो आखूड लाटांनाच जास्त अडवतो. कठड्याखालच्या काँक्रीटच्या टेट्रापॉडचा ढीग असा भेदभाव करत नाही. आखूड असो की लांब, येईल ती लाट तिथे फुटते. निळ्या प्रकाशाची लाट आखूड, तांबड्याची लांब. हवेचे रेणू म्हणजे काठ्या, ढगातले थेंब म्हणजे टेट्रापॉड.

काठीच्या बाबतीत हा भेदभाव किती असतो, याचाच नियम रॅले यांनी काढला. कण लाटेपेक्षा फारच लहान असेल तर विखुरणारा प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात जातो. निळा ४५० आणि तांबडा ६५० नॅनोमीटर धरा. ६५० भागिले ४५० म्हणजे १.४४, आणि तो स्वतःशी चार वेळा गुणला की ४.३५. तांबड्यापेक्षा निळा सव्वाचारपट जास्त विखुरतो. (जांभळा त्याहून जास्त विखुरतो, मग आकाश जांभळं का नाही, असं ती पुढे विचारणारच. सूर्यप्रकाशात जांभळा मुळात निळ्याहून कमी आणि आपला डोळा त्याला मंद, एवढं सांगून पुढे जा.)

पण मोठा थेंब निळ्याचा पक्षपात का सोडतो? इथे एक मजा आहे. लहान कणातले सगळे रेणू प्रकाशाच्या लाटेबरोबर एकाच तालात हलतात आणि एकाच तालात प्रकाश बाहेर टाकतात. तालात असले की ताकद नुसती बेरजेनं वाढत नाही, वर्गानं वाढते. रेणू दुप्पट झाले तर विखुरलेला प्रकाश चौपट. म्हणूनच हवेतली वाफ दिसत नाही आणि तीच वाफ थेंबात गोळा झाली की अचानक ढग दिसतो. पाणी तेवढंच आहे, फक्त ते आता गटानं काम करतंय. १५ मायक्रॉनच्या एका थेंबात साधारण साठ लाख कोटी रेणू असतात.

मात्र ही तालाची चैन फार वाढू शकत नाही. थेंब लाटेच्या लांबीएवढा झाला की त्याच्या एका टोकाला लाटेचा उंचवटा असतो आणि दुसऱ्या टोकाला खळगा, आणि दोन्ही टोकांचा ताल जुळेनासा होतो. निळ्याची लाट आखूड, म्हणून ही अडचण निळ्याला आधी येते. थेंब वाढत असताना निळ्याची वाढ लवकर थांबते आणि तांबडा मागून येऊन त्याला गाठतो. थेंब लाटेच्या वीस-तीसपट झाला तोवर सगळे रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात विखुरत असतात. लाटेएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या गोल कणांचं पूर्ण गणित गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये केलं. ते वाचायला कठीण आहे. मला कधी हातानं करावं लागलं नाही याबद्दल मी आभारी आहे.

इथवर ढग आणि धुकं झालं. थेंब मोठे, ते सगळे रंग सारखे विखुरतात, पाणी स्वतः दिसणारा प्रकाश खात नाही म्हणण्याइतकाच कमी खातं, म्हणून पांढरं.

आता दुधाकडे या. इथे आकाराचं उत्तर कमी पडतं.

दुधात पांढरं रंगद्रव्य नसतं. हे घरी पटवायला लिंबू पुरतं. दूध नासवा, चोथा गाळून घ्या आणि खाली उरलेली निवळी काचेच्या ग्लासात बघा. ती हिरवट-पिवळी आणि बऱ्यापैकी पारदर्शक असते. ती झाक रायबोफ्लेविनची, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाची. रंगद्रव्य असतं तर ते पाण्यात उतरलं असतं. पांढरेपणा सगळा कणांचा होता आणि कण गाळणीवर राहिले.

कण दोन प्रकारचे. एक फॅटचे गोलक, जे फॅट दाबानं बारीक फोडणाऱ्या होमोजिनायझरमधून न गेलेल्या दुधात बहुतेक एक ते दहा मायक्रॉनचे असतात, आणि दुसरे केसीनचे गोळे, साधारण ०.१ ते ०.२ मायक्रॉनचे. फॅटचे गोलक टेट्रापॉड आहेत, ते पांढरंच देणार. पण केसीन लाटेपेक्षा लहान आहे. रेणूइतकं नाही, त्यामुळे चौथ्या घाताचा नियम त्याला तंतोतंत लागत नाही, तरी निळ्याकडे त्याचा कल स्पष्ट आहे. मग फॅट काढून टाकलेलं दूध, ज्यात जवळजवळ फक्त केसीन उरतं, ते आकाशासारखं निळं दिसायला हवं. दिसतं का? भांड्यात बघितलं तर पांढरंच. फार तर किंचित निळसर.

हेच मी दरवर्षी नवीन मुलांना विचारायचो आणि बहुतेक जण इथे अडकायचे. याचं उत्तर बाटलीत आहे. तुमच्या मुलीबरोबर आज रात्रीच करून बघा.

एक लिटरची प्लास्टिकची गुळगुळीत पाण्याची बाटली घ्या, वेष्टन काढा, स्वच्छ पाण्यानं भरा. दूध डबल टोन्ड घ्या, त्यात फॅट दीडच टक्का असतं. स्किम्ड मिळालं तर उत्तम. म्हशीचं दूध घेऊ नका. त्यात फॅट भरपूर आणि गोलकही मोठे, त्यामुळे ते निळेपणावर पाणी फिरवतात. बाटली टेबलावर आडवी ठेवा, खोलीत अंधार करा आणि बुडाकडून मोबाइलचा टॉर्च लावा, म्हणजे प्रकाश बाटलीच्या लांबीतून जाईल. मागे काळा कपडा असेल तर फरक उठून दिसतो. आधी नुसत्या पाण्यातून येणारा प्रकाश पांढऱ्या कागदावर घेऊन बघून ठेवा. मोबाइलच्या टॉर्चमध्ये मुळातच निळा थोडा जास्त असतो आणि तो न बघता पुढे गेलात तर मुलगी तुम्हाला तिथेच पकडेल.

आता ड्रॉपरनं दहा थेंब दूध घाला, म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि बाटली एकदा उलटसुलट करा. कडेनं बघितलं तर टॉर्चजवळचं पाणी धुरकट निळसर दिसेल. झाकणाच्या बाजूनं थेट टॉर्चकडे बघा, किंवा तिथे कागद धरा. प्रकाश पिवळट झालेला असेल. हे आकाश आणि मावळतीचा सूर्य एका बाटलीत. निळा बाजूला विखुरला आणि जो सरळ पुढे गेला त्यात तो कमी पडला.

मग एक चमचा दूध घाला. आता टॉर्चकडचं टोक पांढुरकं आणि झाकणाकडचं टोक नारिंगी होतं. कागदावर येणारा प्रकाश तांबूस आणि मंद. आणखी आठ-दहा चमचे घातलेत की बाटली आरपार पांढरी होते आणि रंगाचा खेळ संपतो. दुधाच्या प्रकारावर हे आकडे मागेपुढे होतील, क्रम मात्र बदलत नाही.

लक्षात घ्या, सगळा वेळ कण तेच होते. त्यांचा आकार एका मायक्रॉननंही बदलला नाही. बदललं ते एवढंच की प्रकाशाला बाहेर पडण्याआधी किती वेळा धडकावं लागतं.

थोडे कण असताना किरण एकदा धडकतो आणि थेट तुमच्या डोळ्यात येतो. पहिल्या धडकेत निळा पुढे असतो, म्हणून निळं दिसतं. तांबडा बहुतेक न धडकता पलीकडे निघून जातो आणि तुम्हाला तो दिसतच नाही. कण खूप झाले की निळा काठाजवळच धडकून परत फिरतो. तांबडा जरा आत घुसतो, पण आत घुसून जाणार कुठे? पुढे आणखी कण आहेत. आज ना उद्या तोही धडका खात खात परत येतो. आत त्याला खाणारं काहीच नाही, म्हणून आत गेलेला जवळजवळ सगळा प्रकाश बाहेर येतो, फक्त उशिरा. सगळे रंग परत आले म्हणजे पांढरं. निळ्याकडे कल असलेले कणसुद्धा पुरेसे जमले की पांढरं दाखवतात ते असं.

याची खूण तुम्ही स्वयंपाकघरात बघितली असेल. स्टीलच्या पेल्यातून पातळ दूध ओतलं की आतल्या बाजूला जो पातळ पापुद्रा राहतो तो निळसर दिसतो आणि खाली तळाशी साचलेलं दूध पांढरं. पापुद्रा इतका पातळ असतो की तांबड्याला मागे फिरायला जागाच मिळत नाही, तो आरपार जातो. दुधाला निळी झाक आली की “भय्यानं पाणी घातलं” असं आमच्या चाळीत सगळ्या बायका म्हणायच्या. त्यांचं निरीक्षण बरोबर, निदान मात्र नेहमी बरोबर नसायचं. निळी झाक येते ती फॅट कमी झाल्याची. पाणी घातल्यानंही ते कमी होतं आणि साय काढून घेतल्यानंही. नुसतं पाणी घातलं असेल तर दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर खाली जातो, साय काढली असेल तर तो उलट वर चढतो, कारण फॅट पाण्याहून हलकं. आणि आधी साय काढून मग बेतानं पाणी घातलं तर लॅक्टोमीटर जागच्या जागी राहतो. तिथे रंग लॅक्टोमीटरपेक्षा खरं बोलतो. फॅट टेस्ट करायची ती म्हणूनच.

गायीचं दूध पिवळसर असतं ते मात्र विखुरण्यानं होत नाही. ते गायीच्या फॅटमधल्या कॅरोटीनमुळे. म्हैस कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं दूध चुन्यासारखं पांढरं. दोन वेगळी कारणं एका ग्लासात असतात, ती एकत्र करून मुलीला गोंधळवू नका.

कणाचा आकार आणि पांढरेपणा यांचं नातं मला खऱ्या अर्थानं कळलं ते एका तक्रारीमुळे. मी तेव्हा एका डेअरीत होतो. दोन-तीन दिवस वितरकांकडून निरोप येत होते की टोन्ड दूध पातळ दिसतंय, पाणी घालता का. आम्ही फॅट तपासलं, ३ टक्के, बरोबर. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, ८.५, बरोबर. लॅक्टोमीटर ठीक. कागदावर दुधात काहीच दोष नव्हता आणि तरी आदल्या आठवड्याच्या राखीव नमुन्याशेजारी ठेवलं की ते खरोखरच फिकं दिसत होतं. शेवटी एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. होमोजिनायझरमधून आलेल्या दुधात फॅटचे गोलक एक मायक्रॉनच्या आत असायला हवेत, डोळ्याला नुसता रवाळ चुरा दिसतो. इथे चांगले तीन-चार मायक्रॉनचे गोल ठळक दिसत होते. होमोजिनायझरचा व्हॉल्व्ह झिजला होता आणि प्रेशर गेजचा काटा जुन्याच जागी अडकून बसला होता. पॅनेलवर सगळं छान, प्रत्यक्षात दाब नाही. त्या रात्री बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यावर सकाळी सायीचा थर आला, तेव्हा शंका उरली नाही.

फॅट तेवढंच असताना दूध फिकं का झालं, याचा हिशेब सोपा आहे. चार मायक्रॉनचा एक गोलक फोडून अर्ध्या मायक्रॉनचे केले तर व्यास आठवा हिस्सा, म्हणजे आठ गुणिले आठ गुणिले आठ, ५१२ गोलक होतात. प्रत्येकाची सावली मूळ सावलीच्या चौसष्टावा भाग, पण असे ५१२ आहेत. एकूण आठपट. तेवढ्याच फॅटमध्ये प्रकाशाच्या वाटेत आठपट अडथळे. दाब नव्हता म्हणून गोलक फुटले नाहीत, म्हणून अडथळे कमी, म्हणून काही प्रकाश आत हरवून गेल्यासारखा झाला आणि दूध ‘पातळ’ दिसलं. ग्राहकानं डोळ्यानं जे पकडलं ते आमच्या टेस्टमध्ये नव्हतंच.

मग गोलक आणखी बारीक केले तर आणखी पांढरं? नाही. लाटेच्या लांबीच्या आसपास पांढरेपणा कळसाला असतो. त्याहून फार बारीक गेलात की कण पुन्हा काठ्या होतात, एकेकाची ताकद झपाट्यानं घसरते आणि द्रव पारदर्शक व्हायला लागतो. पांढऱ्या रंगाच्या डब्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड म्हणूनच साधारण पाव मायक्रॉनचं दळतात, त्याहून बारीक दळलं तर भिंत नीट झाकली जात नाही.

ढगाकडे परत जाऊ, आता दोन्ही प्रश्न हातात आहेत. एक किलोमीटर जाडीचा, घनमीटरमागे जेमतेम ०.३ ग्रॅम पाणी असलेला ढग घ्या आणि थेंब वीस मायक्रॉन व्यासाचे धरा. त्यात किरण सरासरी वीस-बावीस मीटर जातो न जातो तोच एका थेंबाला धडकतो. पूर्ण ढग पार करायचा तर अशा चाळीसहून जास्त टप्प्यांची जाडी समोर आहे. बहुतेक प्रकाश वरूनच परत जातो. जुलैतला काळा ढग खालून काळा दिसतो तो यामुळेच. तो घाण किंवा वेगळ्या पाण्याचा नसतो. विमानातून वरून बघा, तोच ढग डोळे दिपवेल इतका पांढरा असतो.

आणि आता आकाश. डोक्यावरची सगळी हवा मिळून सरळ येणाऱ्या निळ्या प्रकाशाचा साधारण पाचवा भाग विखुरते आणि तांबड्याचा विसावा. म्हणजे डोक्यावरचं आकाश ‘दहा थेंब’ अवस्थेत आहे, एकदाच धडक, म्हणून निळं. क्षितिजाकडे बघता तेव्हा नजर जवळजवळ ३८पट हवेतून जाते. तेवढ्या हवेत निळा तर पूर्णच विखुरतो, पण तांबडाही ८० टक्क्यांहून जास्त विखुरतो. तिथे आकाश ‘चमचा’ अवस्थेत गेलेलं असतं. म्हणून अगदी स्वच्छ हवेतही क्षितिजाजवळची पट्टी फिकी, पांढुरकी दिसते. कण तेच, रेणूच. पुस्तकातल्या एका ओळीच्या उत्तरानं हे सुटत नाही, बाटलीनं सुटतं.

मुंबईत यात आणखी एक भर पडते. जानेवारीत आपल्याकडे सकाळी जे दिसतं त्याला आपण सरसकट धुकं म्हणतो, पण खरं धुकं, म्हणजे पाण्याच्या थेंबांचं, माथेरानला किंवा कसारा घाटात मिळतं. शहरात बहुतेक वेळा ते धुरकं असतं. धूर, धूळ आणि समुद्राच्या मिठाचे कण, दमट हवेत पाणी पिऊन फुगलेले, साधारण लाटेएवढे. त्यामुळे आकाश डोक्यावरही निळं न राहता दुधाळ होतं. त्यात काजळी असेल तर ती प्रकाश खाते आणि पांढऱ्याऐवजी मळकट तपकिरी झाक येते. प्रकाश खाणारं काही आत आलं की वर सांगितलेला ‘सगळे रंग परत येतात’ हा हिशेब मोडतो, म्हणून धुरक्याच्या रंगावरून नुसता कणांचा आकार ठरवायला जाऊ नका.

बारीक कण ओळखायची एक सोपी युक्ती देवघरात आहे. उदबत्तीचा धूर काळ्या पार्श्वभूमीवर निळसर दिसतो आणि तोच धूर उजेडाच्या खिडकीसमोर धरला की पिवळट. बाटलीत कडेनं निळं आणि समोरून पिवळं दिसलं होतं, तेच हे. फिनेल पाण्यात टाकल्यावर जे पांढरं होतं ते तेलाचे थेंब. फिनेल अगदी थोडं टाकलं तर तिथेही पहिल्या क्षणी निळसर झाक पकडता येते का ते तिला बघू द्या.

परीक्षेत मात्र तिला आकाराचंच उत्तर लिहू द्या, पेपर तपासणाऱ्याला तेच हवं असतं: रेणू तरंगलांबीपेक्षा फार लहान म्हणून निळा जास्त विखुरतो, ढगातले थेंब तरंगलांबीपेक्षा मोठे म्हणून सगळे रंग सारखे विखुरतात. बाटलीचा प्रयोग करणार असाल तर त्याच्या जोडीला ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी तिला गच्चीवर घेऊन जा, पाऊस नुकताच हवा धुऊन गेलेला असताना. आधी डोक्यावर बघायला सांगा, मग नजर हळूहळू समुद्राकडे खाली आणायला सांगा आणि निळा कुठे संपला ते बोटानं दाखवायला सांगा. दोन दिवस वेगवेगळ्या हवेत केलंत तर बोट दोन वेगळ्या उंचीवर थांबेल.